वीस मिनिटं, तीन वेळा आणि एक निर्णय

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. गेली बारा वर्षं आमची कंपनी आपल्याला सुटे भाग पुरवत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. काही महत्त्वाच्या विषयांवर आपल्याशी चर्चा करण्याची इच्छा आहे. तरी आपल्या सोयीनुसार पाच मिनिटं वेळ द्यावा, ही नम्र विनंती.’

वाहन कंपन्यांच्या खरेदीप्रमुखांकडे अशा ईमेल सतत येत असतात. लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो, त्याचं कामही खरं असतं आणि भाषेत उणं काढायला जागा नसते. तरी उत्तर येत नाही. मग तो समजतो, मोठ्या माणसांना आपल्यासारख्यांसाठी वेळ कुठला! खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. या मजकुरात ‘हो’ म्हणता येईल असं काही नाही. कशासाठी भेटायचं, किती वेळ लागेल, कोणत्या दिवशी, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता नाही. होकार द्यायचा तर आधी हे सगळं विचारून घ्यावं लागेल, आणि ते विचारायलाही कुणाला तरी वेळ काढावा लागेल.

तो ‘कुणीतरी’ म्हणजे स्वतः वरिष्ठ अधिकारी क्वचितच असतो. मोठ्या कंपनीत उपाध्यक्ष किंवा त्यावरच्या माणसाची डायरी त्यांचे सहायक सांभाळतात. कुणी त्यांना पीए म्हणतं, कुणी ईए. भेटीची विनंती पहिल्यांदा तेच वाचतात. साहेबांचा किंवा मॅडमचा आठवडा त्यांच्यासमोर चौकोनाचौकोनांत मांडलेला असतो, आणि आलेली विनंती कोणत्या चौकोनात बसेल एवढंच त्यांना ठरवायचं असतं. वरची ईमेल कोणत्याच चौकोनात बसत नाही. म्हणून ती ‘नंतर बघू’मध्ये जाते.

हे चौकोन किती भरलेले असतात, याचा एक चांगला अभ्यास आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी 27 मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या वेळेची तीन-तीन महिन्यांची नोंद केली. प्रत्येक दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मांडला आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मंडळींच्या आठवड्यात सरासरी 37 बैठका होत्या आणि कामाच्या वेळातला 72 टक्के वेळ त्या बैठकांत जात होता. म्हणजे आपण मागतो ती वेळ रिकामी पडलेली नसते. ती कुठून तरी काढून आपल्याला द्यावी लागते, आणि काढून देणाऱ्याला त्यासाठी कारण लागतं.

हे सगळं नुसतं तत्त्व म्हणून न सांगता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे ब्रॅकेट बनवणारा एक कारखाना आहे. तो एका वाहन कंपनीला महिन्याला 40 हजार ब्रॅकेट देतो. त्याच्याकडे या भागाचा एकच डाय आहे आणि त्यावर महिन्याला जास्तीत जास्त 45 हजार नग निघतात. कंपनीने कळवलंय की 1 एप्रिलपासून मागणी 60 हजारांवर जाईल. म्हणजे दुसरा डाय हवा. त्याचा खर्च 18 लाख रुपये. डिझाइन, बनावट, चाचणी आणि कंपनीकडून नमुन्याची मंजुरी, या सगळ्याला 14 आठवडे लागतात. 1 एप्रिलपासून 14 आठवडे मागे मोजले की 24 डिसेंबर येतो. त्या तारखेपर्यंत ऑर्डर निघाली नाही, तर एप्रिलमध्ये दर महिन्याला 15 हजार ब्रॅकेट कमी पडणार आणि कंपनीच्या असेंब्ली लाइनवर त्याची झळ पोचणार.

खरेदी व्यवस्थापकाशी कारखानदाराचं बोलणं झालंय. डायची किंमत त्याला मान्य आहे. पण 18 लाख एकरकमी द्यायचे की वर्षभराच्या 7 लाख 20 हजार नगांवर वाटून नगामागे अडीच रुपये दर वाढवायचा, हे ठरवणं त्याच्या मंजुरीच्या मर्यादेबाहेरचं आहे. तो निर्णय खरेदी विभागाच्या उपाध्यक्ष मॅडमचा. म्हणून त्यांची भेट हवी.

आता भेटीचा हेतू काय? बहुतेक जण लिहितील, ‘नवीन डायसंबंधी चर्चा’. चर्चा हा हेतू नव्हे. भेट संपल्यावर काय बदललेलं असेल, तो हेतू. इथे उत्तर स्पष्ट आहे. भेट संपेल तेव्हा डायचा खर्च दोनपैकी कोणत्या पद्धतीने द्यायचा हे ठरलेलं असेल. ईमेलचं पहिलं वाक्य तेच असायला हवं, बारा वर्षांचं सहकार्य त्यानंतर. फोनवर ईमेल आली की वरच्या पट्टीत विषयाचे मोजके शब्द आणि फार तर पहिली ओळ दिसते. ती ओळ आभार मानण्यात गेली, तर आत काय आहे हे कळायच्या आधीच बोट पुढे सरकतं.

हेतूच्या वाक्यात आणखी एक गोष्ट यायला हवी आणि तीच बहुतेकांकडून राहते. हा निर्णय यांच्याकडेच का आणला? सहायकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की हे खालच्या पातळीवर का मिटत नाही. कारण दिलं नाही, तर विनंती खरेदी व्यवस्थापकाकडे परत जाते आणि तिथे ती अडते. व्यवस्थापकालाही वाटतं, की आपल्याला डावलून हे वर गेले. पुरवठादाराला वर्षभर ज्याच्याशी काम करायचंय, त्याच्या मनात अशी अढी बसणं परवडत नाही. म्हणून ईमेल पाठवायच्या आधी त्याला फोन करावा, मजकूर वाचून दाखवावा आणि सीसीमध्ये त्याचं नाव ठेवावं. ईमेलमध्ये ‘किमतीवर आमचं एकमत झालं आहे, देण्याच्या पद्धतीचा निर्णय आपल्या पातळीवरचा आहे’ हे एक वाक्य आलं की कुणी कुणाला डावलल्याचा प्रश्नच उरत नाही.

सदिच्छा भेट असेल, तर तीही चालते. नव्याने पद घेतलेल्या अधिकाऱ्याला भेटायला जाणं आपल्याकडे रीतीचंच आहे. पण मग तसं स्पष्ट लिहावं आणि दहा मिनिटांच्या वर मागू नये. सदिच्छेच्या नावाखाली जाऊन खिशातून थकलेल्या बिलांची यादी काढणाऱ्याला पुढच्या वेळी दार उघडत नाही.

आता वेळेकडे येऊ. ‘पाच मिनिटांचं काम आहे’ हे आपल्याकडचं सर्रास वाक्य आहे आणि ते खरं नसतं, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून सहायक पाच मिनिटांचा अर्थ अर्धा तास लावतात आणि अर्धा तास मोकळा नसला की विनंती मागे पडते. कमी मागून नंतर जास्त घेणं यात अडचण आहेच. पण उगाच तासभर मागणंही तितकंच वाईट. ज्याला निर्णय नेमका ठाऊक आहे, त्याला वेळ मोजून सांगता येतो. आपल्या कारखानदाराला परिस्थिती मांडायला पाच मिनिटं लागतील, तीही एका पानाची टिपणी आधी पाठवली तर. प्रश्नोत्तरांना दहा आणि निर्णय, पुढची पावलं ठरवायला पाच. एकूण वीस. ही टिपणी सर्वांत जास्त वेळ वाचवते. तिच्यात आजची क्षमता, एप्रिलची मागणी, 14 आठवड्यांचं वेळापत्रक आणि दोन्ही पद्धतींचा खर्च असावा. आकडे वाचून आलेल्या माणसाला ते पुन्हा ऐकवावे लागत नाहीत.

वीस हा आकडा सोयीचाही आहे. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये बहुतेक बैठका अर्ध्या तासाच्या घरात मांडलेल्या असतात. वीस मिनिटं मागणारा त्या घरात मावतो आणि वर दहा मिनिटं मोकळी ठेवतो. दिवसभर एकाला लागून एक बैठका असलेल्या माणसाला ती दहा मिनिटं किती मोलाची वाटतात, हे कोणत्याही सहायकाला विचारून पाहावं.

सर्वांत जास्त विचार लागतो तो तारखा आणि वेळा सुचवण्याला. ‘आपल्या सोयीनुसार’ हे शब्द आदरापोटी येतात, पण त्यांनी सगळं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. तारीख त्यांनी शोधायची, आपल्याला विचारायची, आपल्याला जमत नसेल तर पुन्हा शोधायची. एकच वेळ सुचवली तर तो हुकूम वाटतो आणि ती वेळ भरलेली असली की संवाद तिथेच थांबतो. सात-आठ वेळा दिल्या तर यादी वाचण्याचंच काम होतं. तीन वेळा पुरतात, पण त्या तीन वेगवेगळ्या दिवशी आणि दिवसाच्या वेगवेगळ्या भागांत हव्यात. मंगळवार सकाळ, मंगळवार दुपार आणि मंगळवार संध्याकाळ असे पर्याय दिले आणि मॅडम मंगळवारी चेन्नईला असल्या, तर तिन्ही एकदम बाद.

वेळा निवडताना समोरच्याचं वर्ष, महिना आणि आठवडा बघावा लागतो. सोमवारी सकाळी बहुतेक ठिकाणी आढावा बैठका असतात. महिन्याचे शेवटचे दिवस उत्पादन आणि पाठवणीच्या धांदलीत जातात. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात, म्हणून ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे वरच्या मंडळींचे त्यातच जातात. 14 नोव्हेंबरनंतर डायरी थोडी मोकळी होते. बऱ्याच वाहन कारखान्यांत डिसेंबरच्या अखेरीस देखभालीसाठी काम बंद असतं आणि माणसं रजेवर जातात. म्हणजे आपल्या कारखानदाराला डिसेंबरचा दुसरा आठवडा सर्वांत बरा. त्यात एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवायची. भोसरी-पिंपरी पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नव्हे, गुरुवारी असते. बाहेरचा माणूस हमखास गुरुवार सुचवतो आणि एक पर्याय फुकट घालवतो.

आता संपूर्ण ईमेल पाहू. प्रत्यक्षात ती बहुधा इंग्रजीत जाईल. इथे मराठीत देतोय, मांडणी तीच. पाठवण्याचा दिवस बुधवार, 26 नोव्हेंबर.

विषय: निर्णयासाठी 20 मिनिटं – ब्रॅकेटचा दुसरा डाय, एप्रिलची वाढीव मागणी

‘आदरणीय मॅडम,

ब्रॅकेटच्या दुसऱ्या डायचा 18 लाखांचा खर्च एकरकमी द्यावा की नगामागे अडीच रुपयांनी वर्षभरात, याचा निर्णय घेण्यासाठी आपली 20 मिनिटं हवी आहेत. किमतीवर आपल्या खरेदी व्यवस्थापकांशी आमचं एकमत झालं आहे. देण्याच्या पद्धतीचा निर्णय आपल्या पातळीवरचा असल्याचं त्यांनी सांगितलं. ते या ईमेलमध्ये सोबत आहेत.

1 एप्रिलपासून महिन्याला 60 हजार नग द्यायचे, तर डायची ऑर्डर 24 डिसेंबरपर्यंत निघायला हवी. आजच्या डायवर 45 हजार निघतात.

मी आपल्या ऑफिसात येईन. पुढील तीन वेळा मी राखून ठेवल्या आहेत:
मंगळवार, 9 डिसेंबर, सकाळी 11.30 ते 11.50
बुधवार, 10 डिसेंबर, दुपारी 4.00 ते 4.20
शुक्रवार, 12 डिसेंबर, सकाळी 9.30 ते 9.50

मंगळवार, 2 डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत या वेळा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. यांपैकी एकही सोयीची नसेल, तर 19 डिसेंबरपूर्वीची आपण द्याल ती वेळ मला चालेल. एका पानाची टिपणी सोबत जोडली आहे.

आपला नम्र’

खाली नाव, कारखान्याचं नाव आणि मोबाइल नंबर. एवढंच.

‘राखून ठेवल्या आहेत’ हे शब्द खरे असले पाहिजेत. सुचवलेल्या तिन्ही वेळा ईमेल पाठवायच्या आधीच स्वतःच्या कॅलेंडरमध्ये अडवून ठेवायच्या, दुसऱ्या कुणाला त्या सुचवायच्या नाहीत. एकच मंगळवार दोन कंपन्यांना देणारे पुष्कळ असतात. दोघांनीही तोच दिवस निवडला, तर वरिष्ठ अधिकाऱ्याला स्वतः सुचवलेली वेळ नाकारायची पाळी येते. याहून वाईट सुरुवात नाही. अर्थात तीन वेळा कायमच्या अडवून ठेवणं कुणालाच परवडत नाही, म्हणूनच 2 डिसेंबरची मुदत. या मुदतीचा दुसरा उपयोग असा, की सहायकालाही कळतं, हे कधीपर्यंत हातावेगळं करायचं.

निर्णयाची शेवटची तारीख लिहिणं हा दबाव आहे का? काहींना तसं वाटतं आणि ते ती लपवतात. माझं मत उलट आहे. 24 डिसेंबर ही तारीख कारखानदाराने ठरवलेली नाही, ती 14 आठवड्यांच्या हिशेबातून आली आहे आणि तो हिशेब टिपणीत दिलेला आहे. ती आधी न सांगता जानेवारीत ‘आता उशीर झाला’ म्हणणं हाच खरा अन्याय. मात्र तारीख खरी हवी. प्रत्येक ईमेलला ‘तातडीचे’ लिहिणाऱ्याची तातडी कुणी मनावर घेत नाही.

उत्तर काय येतं, त्यावरून आपलं काय चुकलं हे ओळखता येतं. ‘विषय काय आहे ते कळवा’ असं आलं, तर हेतूचं वाक्य पोचलेलं नाही. ‘अमुक अमुक यांना भेटा’ असं आलं, तर निर्णय त्यांच्याकडेच का, हे पटलेलं नाही. त्यात अपमान मानू नये. त्या माणसाला तीच टिपणी पाठवून भेटावं, कदाचित मंजुरी तिथेच मिळेल. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणजे तारखेचा हिशेब दिसलेला नाही. आणि कधी कधी मॅडमचं एका ओळीचं उत्तर येतं, ‘नगामागे वाटून द्या, भेटीची गरज नाही.’ काहींचा त्यावर हिरमोड होतो, भेट झाली नाही म्हणून. खरं तर यापेक्षा चांगलं उत्तर नाही. निर्णय हवा होता, तो मिळाला.

काहीच उत्तर नाही आलं तर? 2 डिसेंबरला सकाळी सहायकांना फोन करावा. मॅडमना नव्हे. ‘26 तारखेला पाठवलेली ईमेल आपल्यापर्यंत आली का? तिन्ही वेळा आज संध्याकाळपर्यंत राखलेल्या आहेत,’ एवढंच विचारावं. ईमेल कुठे अडकली हे त्यांना लगेच दिसतं. तरी काही हललं नाही, तर त्याच ईमेलच्या उत्तरात नव्या तीन वेळा द्याव्यात. 16, 17 आणि 19 डिसेंबर या तारखा अजून 24 च्या आत बसतात. जुन्या तारखांची ईमेल नुसती पुढे ढकलून ‘आठवण’ लिहिण्यात अर्थ नाही, त्यातल्या वेळा सरलेल्या असतात. दुसऱ्यांदाही उत्तर नसेल, तर तिसरी ईमेल लिहू नये. खरेदी व्यवस्थापकाकडे जावं आणि त्याच्याकरवी प्रश्न वर न्यावा, कारण 15 हजारांची तूट ही आता त्याचीही अडचण आहे.

होकार आला, की त्याच तासाभरात कॅलेंडरचं आमंत्रण पाठवावं. परवानगीशिवाय आधीच आमंत्रण टाकणं, तेही बाहेरच्या माणसाने, हे परक्याच्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहिण्यासारखं आहे. आमंत्रणात विषयाची तीच ओळ, 11.30 ते 11.50 अशी वेळ आणि टिपणी पुन्हा जोडलेली असावी, म्हणजे भेटीच्या आधी कुणाला ती ईमेलच्या ढिगाऱ्यात शोधावी लागत नाही. उरलेल्या दोन वेळा तेव्हाच मोकळ्या कराव्यात.

वरिष्ठ अधिकारी परदेशात बसत असतील, तर आणखी एक हिशेब येतो. समजा, कंपनी जर्मन आहे आणि निर्णय तिथल्या मुख्यालयात व्हायचाय. डिसेंबरात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आपले सकाळचे साडेअकरा म्हणजे तिथले पहाटेनंतरचे सात, आणि आपले साडेनऊ म्हणजे पाच. वरच्या तीन वेळांपैकी फक्त बुधवारची दुपारी चारची टिकते, तिथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. उन्हाळ्यात हा फरक साडेतीन तासांचा होतो, कारण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. अमेरिकेत हे दिवस वेगळे आहेत, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. ऑक्टोबरच्या मध्यात ईमेल लिहून नोव्हेंबरच्या वेळा सुचवणारे इथे हमखास एका तासाने चुकतात. म्हणून प्रत्येक वेळेपुढे दोन्ही गावांचं घड्याळ लिहावं, ‘दुपारी 4.00 पुणे, सकाळी 11.30 म्युनिक’ असं, आणि भेट ज्या तारखेला आहे त्या तारखेचा फरक धरावा, ईमेल लिहिण्याच्या दिवसाचा नव्हे.